६० अंश सेल्सिअसला उदासीन पाण्याचा सामू ६.५ का येतो

प्रश्न: बंद फ्लास्कमध्ये, नायट्रोजन सोडून ठेवलेल्या अतिशुद्ध पाण्याचा सामू २५ अंशांना ७.० दाखवतो. तेच पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं की ६.५ दाखवतो. मीटरचं ATC, म्हणजे तापमानाची आपोआप होणारी भरपाई, चालू आहे. पाणी आम्लधर्मी झालं का? झालं असेल तर आम्ल आलं कुठून? की मीटर चुकतोय?

उत्तर:

पाणी आम्लधर्मी झालेलं नाही, बाहेरून आम्लही आलेलं नाही आणि मीटर बरोबर आहे. ६० अंशांना पूर्ण उदासीन पाण्याचा सामू ६.५१ असतो. तुम्हाला आलेलं वाचन यायला हवं तेच आहे.

उदासीन असणं म्हणजे सामू ७ असणं, हे समीकरण शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात उदासीनतेची अट वेगळी आहे. द्रावणात हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांची संहती समान असेल तर ते उदासीन. या अटीत सात हा आकडा कुठेच नाही, तापमानही नाही. शुद्ध पाण्यात एक रेणू आपला प्रोटॉन शेजारच्या रेणूला देतो, तेव्हा एक H⁺ (खरं तर हायड्रोनियम) आणि एक OH⁻ असे जोडीनेच जन्माला येतात. त्यामुळे दुसरं काही मिसळलं नसेल तर पाणी कितीही तापवा, दोन्ही आयनांची संख्या सारखीच राहणार. तुमच्या फ्लास्कमध्ये H⁺ वाढले, हे खरं. पण तितकेच OH⁻ सुद्धा वाढले. सामूचा मीटर फक्त पहिला निम्मा भाग दाखवतो आणि उरलेला निम्मा दिसत नाही, म्हणून पाणी आम्लधर्मी झाल्याचा भास होतो.

सात येतो तो पाण्याच्या आयनिक गुणाकारातून:

Kw = [H⁺][OH⁻]

२५ अंशांना हा गुणाकार 1.0 × 10⁻¹⁴ असतो. दोन्ही आयन समान म्हणजे प्रत्येकी 1.0 × 10⁻⁷ मोल प्रति लिटर, आणि म्हणून सामू ७. अगदी काटेकोर सांगायचं तर २५ अंशांना pKw, म्हणजे Kw च्या लॉगॅरिदमची ऋण किंमत, १३.९९५ आहे, नेमका १४ नाही. प्रयोगशाळेचं सोयीचं तापमान आणि हा गोल आकडा एकमेकांच्या इतके जवळ पडले हा निव्वळ योगायोग. प्रमाण तापमान म्हणून आपण २० अंश निवडले असते, तर पुस्तकांत 'उदासीन सामू ७.०८' असं छापलं गेलं असतं आणि सातला कुणी इतकं पवित्र मानलं नसतं.

आता तापमानाबरोबर हा गुणाकार का वाढतो ते पाहू. पाण्याचं आयनीभवन उष्माग्राही आहे. एक मोल पाण्याचे आयन करायला २५ अंशांना सुमारे ५५.८ किलोज्यूल उष्णता लागते. हा आकडा तुम्ही उलट्या दिशेने आधी पाहिलेला आहे. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क एकत्र केल्यावर जी उदासिनीकरणाची उष्णता बाहेर पडते, ती हीच. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या किंवा नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, विरल द्रावणात प्रति मोल उष्णता जवळपास सारखीच मिळते, कारण दोन्हीकडे खरी अभिक्रिया एकच असते: H⁺ आणि OH⁻ मिळून पाणी होतं. ती उष्मादायी, म्हणून तिच्या उलट असलेलं आयनीभवन उष्माग्राही. अशा समतोलाला बाहेरून उष्णता दिली की तो आयनांच्या बाजूला सरकतो.

सरकतो म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिलेलं बरं:

| तापमान (°से) | pKw | उदासीन पाण्याचा सामू |
|---|---|---|
| ० | १४.९५ | ७.४७ |
| १० | १४.५३ | ७.२७ |
| २५ | १३.९९५ | ७.०० |
| ४० | १३.५३ | ६.७७ |
| ६० | १३.०२ | ६.५१ |
| १०० | १२.२५ | ६.१३ |

शून्यापासून शंभर अंशांपर्यंत pKw २.७ ने उतरतो, म्हणजे आयनिक गुणाकार जवळजवळ पाचशे पट वाढतो. सामूच्या व्याख्येत लॉगॅरिदम असल्यामुळे हा बदल सव्वा-दीड एककात मावतो आणि लहान वाटतो. रेणूंच्या भाषेत सांगायचं तर २५ अंशांना सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू आयनरूपात असतो. ६० अंशांना साधारण १८ कोटींमागे एक. आयन तिप्पट झाले, तरी पाण्याच्या मानाने ते नगण्यच आहेत.

६० अंशांचा आकडा तुम्हाला स्वतः काढून पाहायचा असेल तर व्हॅन्ट हॉफचं समीकरण पुरे:

ln(K₂/K₁) = (ΔH/R)(1/T₁ − 1/T₂)

ΔH = 55800 J/mol, R = 8.314, T₁ = 298.15 K आणि T₂ = 333.15 K घ्या. ΔH/R येतो ६७१२, कंसातला फरक 0.0003524. गुणाकार २.३६५. त्याला २.३०३ ने भागलं की १.०३. म्हणजे pKw १३.९९५ वरून १२.९७ वर यायला हवा, आणि उदासीन सामू ६.४८. मोजलेलं मूल्य १३.०२ आहे, म्हणजे ६.५१. तीन शतांशांचा फरक आपल्या कामाला चालेल. पण हाच हिशेब १०० अंशांसाठी केला तर १२.०३ येतो आणि खरं मूल्य १२.२५ आहे. इथे चूक दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

चूक समीकरणाची नाही. ΔH स्थिर आहे हे आपण गृहीत धरलं, ते बरोबर नाही. पाणी तापत जातं तशी आयनीभवनाला लागणारी उष्णता कमी होत जाते. २५ ते ६० अंशांच्या टप्प्यात ती सरासरी ५३ किलोज्यूल भरते, २५ ते १०० च्या टप्प्यात जेमतेम ५०. हा उतार तसाच चालू राहतो आणि दाबाखाली द्रवरूपात ठेवलेल्या पाण्यात २४० ते २५० अंशांच्या आसपास ती उष्णता शून्यावर येते. तिथे pKw सर्वांत कमी, सुमारे ११.२ असतो आणि उदासीन सामू ५.६ च्या आसपास. त्यापुढे तापवलं तर आयनिक गुणाकार पुन्हा *घटायला* लागतो.

'तापमान वाढलं की Kw वाढतो' असं सरसकट सांगणाऱ्यांना हे वळण माहीत नसतं. त्याचं कारण पाण्याच्या आयन सांभाळण्याच्या ताकदीत आहे. आयन सुटे राहू शकतात, कारण भोवतालचे पाण्याचे रेणू त्यांना नीट वेढून घेतात. ही क्षमता पाण्याच्या परावैद्युत स्थिरांकावरून कळते. २५ अंशांना तो ७८ असतो, १०० अंशांना ५६ च्या आसपास आणि २५० अंशांना सत्तावीसच्या आसपास. त्यात पाण्याची घनताही उतरलेली असते. एकीकडे उष्णतेमुळे रेणू तुटणं सोपं होतं, तर दुसरीकडे तुटलेल्या तुकड्यांना सांभाळणारं पाणी दुबळं होत जातं. अडीचशे अंशांपर्यंत पहिली गोष्ट जिंकते, पुढे दुसरी. तुमच्या फ्लास्कला याची झळ लागणार नाही, पण बॉयलरच्या रसायनशास्त्रात २५ अंशांचे आकडे सरळ रेषेत पुढे ओढू नयेत, याचं हे कारण आहे.

उदासीन पाण्याचं कोडं इतकंच. पण प्रत्यक्ष कामात शुद्ध उदासीन पाणी क्वचित हाताळलं जातं. घोळ होतो तो आम्ल आणि अल्क यांच्या द्रावणांत, आणि तो घोळ दोघांकडे सारखा नसतो. म्हणून इथे जरा थांबतो.

दोन द्रावणं घ्या. एकात हायड्रोक्लोरिक आम्ल ०.००१ मोल प्रति लिटर, दुसऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइड तेवढंच. २५ अंशांना पहिल्याचा सामू ३.०० आणि दुसऱ्याचा ११.००, बारीकसारीक सुधारणा सोडून देऊ. आता दोन्ही ६० अंशांवर न्या. आम्लाच्या द्रावणातले H⁺ आम्लाने दिलेले आहेत. आम्ल आधीच पूर्ण विघटित झालेलं आहे, त्यामुळे तापवून त्यात भर पडत नाही, आणि पाण्याचे स्वतःचे आयन त्यापुढे किस झाड की पत्ती. सामू ३.०० च राहतो. अल्काच्या द्रावणात मात्र अल्काने ठरवलेली गोष्ट OH⁻ ही आहे, H⁺ नव्हे. OH⁻ ०.००१ वरच स्थिर राहतात. H⁺ किती असावेत हे मग Kw ठरवतो, आणि तो जवळजवळ दसपट झालेला आहे. म्हणून सामू = १३.०२ − ३.०० = १०.०२. एक थेंबही आम्ल न घालता सामू जवळपास एका एककाने उतरला.

हे पाहून 'तापवल्यावर अल्क दुबळं होतं, आम्ल तसंच राहतं' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. दोन्ही द्रावणं उदासीन बिंदूपासून किती लांब आहेत ते मोजा. २५ अंशांना आम्ल सातच्या चार एकक खाली होतं आणि अल्क चार एकक वर. ६० अंशांना उदासीन बिंदू ६.५१ वर आहे. आम्ल त्याच्या ३.५१ खाली, अल्क ३.५१ वर. दोघंही उदासीनतेकडे अगदी सारखेच सरकले. सामूची पट्टी H⁺ च्या बाजूने आखलेली असल्यामुळे सगळा बदल अल्काच्या खात्यात पडलेला दिसतो, एवढंच. द्रावण खरोखर किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, हे वेगवेगळ्या तापमानांना तुलना करून सांगायचं असेल तर सामूमधून त्या तापमानाच्या pKw चा निम्मा भाग वजा करा आणि तो फरक पाहा. रक्ताचंच घ्या. ३७ अंशांना उदासीन सामू ६.८१ असतो, त्यामुळे ७.४ सामूचं रक्त 'सातपेक्षा जेमतेम ०.४ वर' नसून उदासीनतेपासून जवळपास ०.६ वर आहे.

या हिशेबातून एक कामाची खूण मिळते. २५ अंशांच्या जवळ pKw दर अंशाला सुमारे ०.०३३ ने उतरतो. म्हणजे अल्काने सामू ठरवलेला असेल तर तो दर अंशाला ०.०३३ ने घसरतो. उदासीन पाण्याचा याच्या निम्म्याने, साधारण ०.०१६ ने. तीव्र आम्लाने ठरवलेला असेल तर जवळजवळ हलतच नाही. वरच्या तापमानांना हे दर थोडे कमी होतात, पण एकास निम्मा हे नातं टिकतं. तुमचं वाचन ३५ अंशांत ०.५ ने उतरलं, म्हणजे दर अंशाला सरासरी ०.०१४. अल्क असतं तर तेवढ्याच टप्प्यात ०.९७ उतरलं असतं. तुमच्या पाण्यात आम्लही नाही, अल्कही नाही, हे या उतारावरूनच कळतं.

आता मीटरकडे वळू, कारण प्रश्नात ATC चा उल्लेख ज्या विश्वासाने आला आहे, तो विश्वासच पुष्कळ ठिकाणी घात करतो. ATC चालू असलं की मीटर सगळं २५ अंशांना आणून दाखवतो, असा सर्रास समज आहे. ते असं काही करत नाही.

काचेचा इलेक्ट्रोड सामू मोजत नाही, मिलिव्होल्ट मोजतो. सामूच्या एका एककाला किती मिलिव्होल्ट, हे नर्न्स्टच्या समीकरणातून ठरतं आणि ते निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतं. २५ अंशांना ५९.१६, ६० अंशांना ६६.१०. ATC फक्त हा भागाकार योग्य आकड्याने करतं. वरचंच सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण ६० अंशांना पाहा. सामू १०.०२ म्हणजे सातपासून ३.०२ एकक, त्याचे मिलिव्होल्ट सुमारे −१९९.६. मीटर २५ अंशांचा उतार धरून बसला असता तर त्याने १०.३७ दाखवलं असतं. ATC मुळे तो १०.०२ दाखवतो, आणि ६० अंशांना तो *खरा* सामू आहे. पण २५ अंशांचा ११.०० काही तो दाखवत नाही, कारण नमुन्यात काय आहे आणि तापल्यावर त्याचं काय होतं, हे मीटरला कळायला मार्ग नाही. इलेक्ट्रोडची भरपाई आणि नमुन्याची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पाण्याच्या बाबतीत तर ATC ला फारसं कामच नव्हतं. सातच्या जवळ मिलिव्होल्ट शून्याजवळ असतात, त्यामुळे ते बंद असतं तरी ६.५१ ऐवजी ६.४५ दिसलं असतं.

हा फरक न कळल्यामुळे काय होतं, याचं मी पाहिलेलं एक उदाहरण सांगतो. वीजनिर्मितीच्या बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात अमोनिया घालून सामू २५ अंशांना ९.२ च्या आसपास ठेवायचा होता. नमुना गार करून मीटरकडे नेणाऱ्या कूलरमध्ये गाळ साठला आणि नमुना २५ ऐवजी ४० अंशांना यायला लागला. पाण्यात अमोनिया होता तेवढाच होता. पण pKw १३.९९५ वरून १३.५३ वर आल्यामुळे पडद्यावर ८.७४ दिसायला लागलं. पाळीवरच्या माणसाने ते आम्लाकडे झुकणं मानलं आणि पडद्यावर पुन्हा ९.२ दिसेपर्यंत अमोनियाचा पंप वाढवत नेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, सूचनापुस्तिकेत 'सामू ९.२ ठेवा' एवढंच होतं, कोणत्या तापमानाला ते नव्हतं.

त्याने किती जादा अमोनिया घातला असेल, ते मोजून पाहू. २५ अंशांना सामू ९.२ म्हणजे OH⁻ 1.6 × 10⁻⁵ मोल प्रति लिटर. अमोनिया दुर्बल अल्क आहे, त्याचा विघटन स्थिरांक Kb 1.8 × 10⁻⁵ च्या आसपास. एकूण अमोनिया = x + x²/Kb, जिथे x म्हणजे OH⁻ ची संहती. हे येतं सुमारे 3 × 10⁻⁵ मोल, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. Kb २५ ते ४० अंशांत फारसा बदलत नाही, म्हणून तो तसाच धरू. ४० अंशांना पडद्यावर ९.२ आणायचे तर pOH = १३.५३ − ९.२ = ४.३३ हवा, म्हणजे OH⁻ 4.7 × 10⁻⁵. त्याच सूत्रात घातलं तर एकूण अमोनिया येतो 1.7 × 10⁻⁴ मोल, लिटरला पावणेतीन मिलिग्रॅमहून थोडा जास्त. पाचपटीहून जास्त! OH⁻ तिप्पट हवे होते, पण दुर्बल अल्काचं विघटन संहती वाढली की मंदावतं, त्यामुळे त्यासाठी अमोनिया पाचपट लागला. कंडेन्सरच्या नळ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या असतील आणि कुठून हवा शिरत असेल, तर इतका अमोनिया त्या नळ्या पोखरायला लागतो. पडद्यावर मात्र सगळं आलबेल.

हे वेळीच ओळखायचं तर शेजारच्या विद्युतवाहकतेच्या मीटरकडे बघायचं. वाहकतेचे मीटर बहुधा २५ अंशांना आणून दाखवतात. सामू उतरतोय आणि २५ अंशांवरची वाहकता जागच्या जागी आहे, तर अमोनिया कमी झालेला नाही, नमुना तापलाय. दोन्ही उतरत असतील तर अमोनिया खरोखर कमी झालाय. त्या ठिकाणी पंप वाढवल्यावर वाहकता झपाट्याने चढली होती, फक्त ती कुणी पाहिली नव्हती. अशा जागी बसवायच्या काही मीटरांत नमुन्याचीही भरपाई देता येते: दर अंशाला ०.०३३ असा गुणांक भरायचा आणि मीटर २५ अंशांचा सामू दाखवतो. ती सोय चांगली आहे, पण ती फक्त अमोनियासारख्या अल्काच्या नमुन्यापुरती. तोच मीटर उचलून आम्लाच्या नमुन्यावर लावला तर नसलेली घसरण तो भरून काढेल आणि सामू उगाच वाढवून दाखवेल. माझं मत विचाराल तर कूलर साफ ठेवून नमुना खरोखर २५ अंशांना आणणं हेच बरं. गुणांक हा दुसरा पर्याय.

तुमच्या फ्लास्ककडे परत येतो. उतारावरून पाणी उदासीन वाटतंय, पण खात्री करायची असेल तर फ्लास्क न उघडता पाणी पुन्हा २५ अंशांना येऊ द्या. सामू ७.० ला परतला तर जे झालं ते फक्त तापमानाने. ६ च्या खाली गेला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरलाय. हवेशी समतोलात आलेल्या शुद्ध पाण्याचा सामू २५ अंशांना ५.६ च्या आसपास असतो, आणि असं पाणी बंद भांड्यात तापवलं तर वाचन फारसं हलत नाही, कारण तिथे H⁺ पाण्याचे नसून कार्बॉनिक आम्लाचे असतात. वाहकताही हीच साक्ष देईल. अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांना ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. ६० अंशांना ती चौपटीहून थोडी जास्त होते, कारण आयन तिप्पट होतात आणि ते धावतातही जास्त वेगाने. इथे मात्र वाहकता मीटरची तापमान भरपाई बंद ठेवून वाचा, नाहीतर जे पाहायचंय तेच तो पुसून टाकेल.

एक अडचण तुम्हाला येणारच. इतक्या शुद्ध पाण्यात काचेचा इलेक्ट्रोड नीट वागत नाही. आयन इतके कमी असतात की वाचन तरंगत राहतं, ढवळलं की बदलतं, आणि संदर्भ इलेक्ट्रोडमधून झिरपणारं पोटॅशियम क्लोराइडच पाण्यात लक्षणीय ठरतं. शुद्ध पोटॅशियम क्लोराइडचा चिमूटभर अंश मुद्दाम घातला तर वाचन स्थिरावतं. ते स्वतः आम्ल किंवा अल्क नसल्यामुळे उदासीनता बिघडत नाही. क्षारामुळे आयनांची क्रियाशीलता थोडी बदलते आणि आयनिक गुणाकाराचा संहतीतला आकडाही किंचित सरकतो, पण या प्रमाणात ते तुमच्या मीटरच्या अचूकतेत बुडून जातं. वाचन पहिल्या दशांशापर्यंतच खरं धरा. ६.५१ आणि ६.५ यांतला फरक या साधनाने दिसणार नाही.

आणि मीटर जुळवताना बफरचं, म्हणजे ठरावीक सामूच्या द्रावणाचं, तापमानही पाहा, कारण बफरचा सामूही तापमानाने बदलतो, फक्त प्रत्येकाचा वेगळ्या गतीने. फॉस्फेटचा ६.८६ चा बफर ६० अंशांना ६.८४ असतो, म्हणजे जवळजवळ तसाच. बोरॅक्सचा ९.१८ चा मात्र ८.९६ होतो. पाणी इतकं सरकलं आणि फॉस्फेट बफर जागचा हलला नाही याचं नवल वाटेल. पण फॉस्फेट बफरमध्ये H⁺ ची संख्या पाण्याच्या आयनीभवनाने नाही, तर फॉस्फेटच्या दुसऱ्या प्रोटॉनच्या विघटनाने ठरते, आणि त्या विघटनाला लागणारी उष्णता पाण्याच्या मानाने फारच थोडी आहे. त्यामुळे ६० अंशांना ६.८४ दाखवणारा हा बफर, नीट पाहिलं तर, त्या तापमानाला उदासीन बिंदूच्या वर आहे. २५ अंशांना तो त्याच्या खाली होता. ६० अंशांना जुळवायचं असेल तर बाटलीवरच्या तक्त्यातलं ६० अंशांचं मूल्य मीटरला द्या. मीटर बफर आपोआप ओळखत असेल, तर तापमानाचा प्रोब त्याच बफरमध्ये बुडवलेला आहे ना, एवढं पाहा. तो टेबलावर तसाच पडून असेल तर मीटर खोलीच्या तापमानाचं मूल्य धरतो आणि बोरॅक्सला ०.२ ची चूक सुरुवातीलाच बसते.

नोंदवहीत सामूशेजारी तापमानाचा रकाना ठेवा. '६.५' हे वाचन एकट्याने काहीच सांगत नाही. २५ अंशांना ते किंचित आम्लधर्मी पाणी आहे, ६० अंशांना उदासीन, आणि १०० अंशांना अल्कधर्मी.